हयात आईवडिलांची संमती

पुस्तकाच्या कव्हरवर दोन बोटं टकटक आपटून आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाई म्हणायच्या, "सर, तुम्ही सोता बघितलंय, की कुनी सांगितलंय?" मी पंधरा वर्षं वडवणीत इतिहास शिकवतो. या एका प्रश्नापुढं माझी निम्मी व्याख्यानं आडवी झाली आहेत.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती असेल. रोज दिसते म्हणून आपल्याला वाटतं, आपण तिला ओळखतो. मार्चमध्ये बाई बरेच दिवस दुपारचा डबा खात नसत, पाणीसुद्धा घेत नसत. ते पित्तामुळं, हे मीच स्टाफरूममध्ये ठरवून टाकलं होतं.

मग आमच्याकडं 'जगातील धर्मांची ओळख' नावाचा छोटा कोर्स निघाला. बाकीचे धर्म आधीच वाटून गेले होते, माझ्या वाट्याला बहाई आला. मी टिपणं काढली. इराणात बाब या धर्मपुरुषानं नवा प्रेषित येणार अशी वर्दी दिली, त्यांच्यामागून आलेल्या बहाउल्लाह यांनी दीडेकशे वर्षांपूर्वी धर्म स्थापला. देव एक, सगळ्या धर्मांचं मूळ एक, माणूसजात एक. प्रत्येकानं सत्य स्वतः शोधायचं. स्त्रीपुरुष बरोबरीचे, विज्ञान आणि धर्म हातात हात घालून. पुजारी नाहीतच. गावोगाव नऊ जणांची मंडळं गुप्त मतदानानं निवडायची, तीही उमेदवार आणि प्रचार यांच्याशिवाय. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य वाचल्यावर पोरं खो खो हसली.

शेवटी पाच प्रश्नांची चाचणी. झेरॉक्स काढायला मी कागद बाईंकडं दिला, उत्तरांसकट. त्यांनी वाचला आणि दोन बोटं टकटक वाजली.

"चौथं चुकलंय, सर."

चौथा प्रश्न असा: बहाई लग्नाला कुणाची संमती लागते? (अ) धर्मगुरूंची, (आ) फक्त वधूवरांची, (इ) वधूवरांची आणि दोघांच्या हयात आईवडिलांची. मी 'आ'वर खूण केली होती. एवढा पुढारलेला धर्म, दुसरं काय असणार!

"'इ' पायजे. जोडीदार आपला आपण निवडायचा, आईबापानं लादायचा नाही. पन निवडल्यावर जे आईबाप जिवंत हायेत त्या सगळ्यांचं हो लागतं. ते कुठल्या का धर्माचे असंनात."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बहाई आहे, सर. पुण्याला शिकत होते तवापासून. उपास असतात आमचे मार्चमध्ये, एकोणीस दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत."

मी खुर्चीत बसलो. पित्त म्हणे!

माझी लाज झाकायला मी त्यांनाच वर्गात बोलावलं. बाईंनी फळ्यावर बहाई वर्षाचे एकोणीस महिने, प्रत्येकी एकोणीस दिवसांचे, आणि वर उरणारे चार-पाच दिवस मांडून दाखवले. दर महिन्याच्या सुरुवातीला सगळे जमतात, प्रार्थना म्हणतात, कामाचं बोलतात आणि चहाफराळ करतात, हे सांगितलं. मग चौथा प्रश्न आला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, बाप न्हाई म्हनला तर?"

"तर लग्न नाही."

"कारन न देता?"

"कारण द्यायची सक्ती नाही त्याच्यावर. दोन घरं जोडायची असतात, म्हणून रागानं कुणी बाहेर राहू नये."

"मंग पळून जायाचं की!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मी अकरा वर्षं थांबलेय," त्या म्हणाल्या.

त्यांचं वय चाळिशीला टेकलेलं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की यांना लग्नच करायचं नाही.

बाईंनी निवडलेला माणूस लातूरचा, आयटीआयमध्ये शिकवणारा, तोही बहाई. त्याच्या आईनं हो म्हटलं होतं, वडील आधीच वारलेले. बाईंच्या आईनंही पहिल्याच वर्षी हो म्हटलं आणि दोन वर्षांनी ती गेली. उरले धर्मापुरीचे अण्णा, म्हणजे बाईंचे वडील. पोरीनं न विचारता धर्म बदलला हा त्यांचा राग. बाई दर दिवाळीला जायच्या, घर सारवायच्या, अण्णांचं डोकं चोळून द्यायच्या आणि निघताना विचारायच्या. अण्णा म्हणायचे, "न्हाई." बाई बसमध्ये बसायच्या.

मला संताप आला, खरं सांगतो. अण्णांचा आलाच, पण त्याहून बाईंचा. शिकलेली, पगारदार बाई एका म्हाताऱ्याच्या एका शब्दावर आयुष्य टांगून ठेवते? मी तसं तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "मी सोता तपासूनच हे पत्करलंय. सोपं तेवढंच पाळायचं म्हटलं तर कशाला पाळायचं?"

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मी लगेच वाचनाला लागलो आणि वाट सापडली. आईवडिलांचं मन ठिकाणावर नसेल तर त्यांची संमती लागत नाही. तसं आहे का, हे मंडळ ठरवतं. मी धावत ग्रंथालयात गेलो. डॉक्टरचं सर्टिफिकेट तेवढं आणा म्हणालो.

"सर, अण्णा शेजारची शेळी आवाजावरून ओळखतात," बाई म्हणाल्या. "मी दारात पाय ठेवला की पहिला शब्द 'न्हाई'. मन एकदम जागेवर आहे."

आणि त्या हसल्या.

शेवटी मीच त्यांच्याबरोबर धर्मापुरीला गेलो. अण्णा ओसरीवर बाजेवर होते. एवढासा जीव! मी राक्षस बघायला आल्यासारखा आलो होतो. बाई चहा करायला आत गेल्या तसा मी बाजेवर बसलो आणि विचारलं, "अण्णा, पोरीचं काय चुकलं?"

"कायबी न्हाई."

"मग हो का म्हणत नाही?"

अण्णांची जीभ जड झाली होती, शब्द ओढून ओढून येत होते.

"मास्तर, दोन पोरं हायेत मला. एक पुन्याला, एक सुरतला. दोगांची लग्नं मीच लावली, हो म्हनून. येत न्हाईत." त्यांनी श्वास घेतला. "ही दरसाल येती. कावून? इचारायला. हो म्हनलो असतो तर आली असती का?"

मी मागं बघितलं तर उंबऱ्यात बाई उभ्या, हातात दोन कप.

त्यांनी कप खाली ठेवले. आणि ज्यांचा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता त्या बाई गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अकरा वर्षं, अण्णा! तशी आले नसते का मी? इचारलं का मला कधी?"

अण्णा डावा हात पुढं करून म्हणाले, "आन कागद."

बाई आता लातूरला असतात. लग्न त्याच अंगणात झालं. भटजी नाही, सप्तपदी नाही. मंडळाच्या संमतीनं दोन साक्षीदार, त्यातला एक मी. दोघांनी आळीपाळीनं ईश्वराच्या इच्छेप्रमाणे चालण्याचं एकच वाक्य म्हटलं, संपलं. अण्णांना त्या सोबत घेऊन गेल्या. ग्रंथालयात नवीन मुलगा आलाय, मी काहीही ठोकून दिलं तरी मान डोलावतो.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. अण्णांनी डाव्या हातात पेन धरलं, एका ओळीतली अक्षरं दुसरीत जात होती. 'माझ्या मुलीचं लग्न' इथवर आले आणि थांबले. वर बघून त्यांनी विचारलं, "पोराचं नाव काय?"

अकरा वर्षांत अण्णांनी हे कधी विचारलंच नव्हतं. बाईंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, कागदाच्या मागं ते नाव ठळक लिहिलं आणि अण्णांच्या डोळ्यांपुढं धरलं. अण्णांनी अक्षराला अक्षर जोडत ते मोठ्यानं वाचलं. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "परत वाचा."