बाकावरचा उमेदवार

आमच्या ऑफिसात भरतीचं काम ताई बघतात. मुलाखत ठरवून न कळवता दांडी मारणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. स्टोअरकीपरच्या जागेसाठी बोलावलेले एक गृहस्थ काल आलेच नाहीत. "वेळेची किंमतच नाही मेल्यांना," असं पुटपुटत ताईंनी आज कंप्युटरवरून मेसेज टाकला : "काल अकराला आपली वाट पाहिली. सगळं ठीक आहे ना? नोकरीत अजून रस असेल तर कळवा, दुसरी वेळ देऊ."

लगेच उत्तर आलं. "मॅडम, मी साडेदहालाच आलो होतो. यादीत नाव नाही म्हणून वॉचमनने आत सोडलं नाही. तुम्हाला चार फोन केले. एकपर्यंत गेटजवळच्या बाकावर बसून होतो."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. गेटवर पाठवायची नावांची मेल ड्राफ्टमध्येच पडून होती. आणि अनोळखी नंबर त्या कधी उचलतच नाहीत.

त्यांनी फोन लावला. "चूक माझी आहे हो. उद्या याल? मी स्वतः गेटवर उभी राहते."

"येतो की मॅडम," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "फक्त घरी फोन करू नका. मुलाखत छान झाली, असं सांगितलंय मी."