धुक्यातली बोटं

माझ्या मुलीला ऐकू येत नाही. ती शहरात, बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहून शिकते. सुट्टीत फर्दापूरला घरी यायची तेव्हा तिचे हात भराभर बोलायचे आणि मी नुसती मान हलवायची. हळूहळू तिनं माझ्याशी हात हलवणंच कमी केलं. ते मला लागलं. पुढच्या सुट्टीच्या आत हातांची भाषा शिकायची असं मी ठरवलं. चौथी शिकलेल्या बाईनं कुणाला विचारायला जायचं म्हणजे लाज वाटते. मी मोबाईलवरच शिकायला बसले.

आमच्या घरात नेटवर्कची एखादीच कांडी असते. व्हिडिओतली बाई हात स्थिर धरायची तेव्हा जरा दिसायची. हात हलला की त्याचा ढग व्हायचा. शब्द कुठून सुरू झाला आणि कुठं संपला एवढं कळायचं, मधला प्रवास सगळा धुक्यात. मला ते धुकं आवडूही लागलं होतं. दुपारी कापसाच्या शेतात मी तेच ढग हातांनी काढून बघायची. शेजारीण बांधावरून ओरडली, "काय गं, माशा हाकलती का काय?" मी हात पदरात घेतले.

चित्र स्वच्छ व्हावं म्हणून मी व्हिडिओ थांबवून ठेवायची. खालची करडी रेघ पुढं सरकत जायची. दूध निवलं की साय धरते, तसं आता चित्र घट्ट होईल असं वाटायचं. रेघ शेवटाला जायची. सुरू केलं की तोच ढग, फक्त अडकत नसे.

मुलीला आणायच्या आदल्या दिवशी शहरात क्रांती चौकाजवळ धाकट्या जावेकडं उतरले. ती मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. दुपारी ती भाकरी थापत होती. मी कोपऱ्यात बसून व्हिडिओ लावला. इथं सगळ्या कांड्या भरलेल्या, तरी बाईचे हात तसेच.

जाऊ मागून वाकली. "ताई, हे काय? इथं नेट पळतंय आन् चित्र असं ताकावानी?"

"आमच्याकडं असंच दिसतं."

"आमच्याकडं म्हंजे काय, तुम्ही आता माझ्या घरात बसल्या की!" तिनं पिठाचे हात पुसले, फोन घेतला आणि हसली. "डेटा सेव्हर चालू हाय. कुणी केलं?"

मीच केलं होतं. मागं दुपारलाच दिवसाचा डेटा संपायचा म्हणून ते बटण दाबलं आणि विसरले.

"नेट कितीबी चांगलं असू द्या, हे चालू असलं की फोन हलकंच चित्र मागतो," ती म्हणाली. "व्हिडिओ अख्खा येत नाय, तुकड्या-तुकड्यानं येतो. एकाच तुकड्याच्या जाड, बारीक अशा प्रती तिकडं ठेवलेल्या असतात. नेट मंद दिसलं की फोन आपणच हलकी प्रत घेतो, म्हंजे अडकायला नको."

"मग मी थांबवून भरू द्यायची ते?"

"भरलं ते हलकंच भरलं, ताई. वाट बघून ते स्वच्छ कसं व्हईल?"

तिनं ते बटण बंद केलं आणि वरची क्वालिटी निवडली. गोल थोडा फिरला. मग त्या बाईला बोटं आली. नखं आली. बांगडीवरची नक्षी आली.

आणि मग दिसलं, मी महिनाभर घोकलेल्या एका शब्दात दोन बोटं होती. मी एकच धरत होते. शिवाय बाईचा चेहराही बोलत होता, भुवया, ओठ, सगळं. धुक्यात मी तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"घरी जाऊन हट्टानं हीच क्वालिटी लावली तर गोल फिरतच बसंल," जाऊ म्हणाली. "त्यापेक्षा इथूनच डाउनलोड करून न्या. मग नेट लागायचंच नाय."

ती दुपार मी तिच्या खिडकीशी काढली. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मला ते फार लांबून येत होते. जावेची भाकरी करपली. "तुमच्यापायी," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून तीही बोटं हलवू लागली.

सकाळी शाळेच्या फाटकात मुलगी पाठीवर दप्तर घेऊन आली. मी पिशवी खाली ठेवली आणि हातांनी म्हटलं, तुझी वाट बघत होते. भुवयासुद्धा उचलल्या.

ती थबकली. मग तिचे हात सुटले ते थांबेचनात. मला त्यातली भूक कळली, बस कळली, मैत्रीण कळली. बाकीचं नुसतं वाऱ्यासारखं गेलं. मी मान हलवली नाही. पुन्हा, सावकाश, असं हातांनी सांगितलं.

तिनं माझं बोट धरून थोडं वर सरकवलं, हे असं, म्हणून. मग पहिल्यापासून सगळं सांगायला लागली, एकेक शब्द वेगळा करून.