वहिनीच्या ओळी

वहिनी मार्चमध्ये आजारपणात गेली. गांधीबागेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानाच्या ऑनलाइन पेजवर फोटोंखालच्या ओळी तीच लिहायची. नंतर दादाने ते काम मला दिलं.

मी आधी मराठीत लिहिलं, "उत्कृष्ट सुती साडी", आणि खाली तेच इंग्रजीत. दादा म्हणाला, "एकच गोष्ट दोनदा काहून सांगून राहिला गा? गिऱ्हाईक बहिरं आहे का?"

मग मी तिच्या जुन्या पोस्ट वाचत बसलो. ती दुकानात बोलायची तसंच लिहायची: कौतुक मराठीत, कापडाची माहिती इंग्रजीत, एकाच दमात. मीही लिहिलं, "पदर तर पाहा वं! प्युअर कॉटन, फास्ट कलर, विथ ब्लाउज पीस. लग्नाले चालते, ऑफिसलेही."

थोड्या वेळाने एका बाईंनी खाली लिहिलं, "ताई, बऱ्या झाल्या का? रविवारी येते."

दादाने ते वाचून फोन उलटा ठेवला. "चांगलं लिहिलं," तो म्हणाला, "पण तिच्यावानी नको लिहू गा."

मी पोस्ट काढली आणि त्या बाईंना खरं कळवलं.

आता मी लिहितो, "नवीन कॉटन स्टॉक आला आहे. शॉप आठपर्यंत ओपन." गिऱ्हाईक येतं. वहिनीच्या पोस्ट पेजवर तशाच आहेत.