आवाज बंद करून बघणाऱ्या मंदाताई

इकडे ये गं, जवळ बस. पोळ्या होतील नंतर. टीव्हीवर कार्टून लागलं, त्यात देवाधर्माची गोष्ट असली, की तुम्ही सगळ्या पोराला समोर बसवून निर्धास्त स्वयंपाकघरात जाता. "चांगलं तेच बघतोय ना!" अगं, पण चांगलं आहे हे ठरवलं कुणी? आमच्या जयपुरात ते ठरवायला एक बाई बसत होत्या. मंदाताई. गेल्या महिन्यात त्या गेल्या. रडून झालंय माझं. आता उरलाय तो राग, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घे.

खातीपुऱ्यात आमची घरं शेजारीशेजारी. माझे यजमान रेल्वेत, त्यांचे बँकेत. दोघंही बदलीवर आले आणि तिथलेच झाले. मंदाताई शाळेत संस्कृत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांना गोष्टी सांगायच्या. तिथेच नितिनजींनी त्यांना ऐकलं. जगतपुऱ्याला त्यांचा कार्टून बनवायचा स्टुडिओ, महाभारतातल्या गोष्टींची मालिका करत होते. म्हणाले, "माताजी, आप बस देख लिया करो, कुछ गलत न जाए." बस देख लिया करो! त्या माणसाला वाटलं, म्हातारी येईल, चहा पिईल, मान डोलावेल आणि जाईल.

मंदाताई देखायला बसल्या त्या अशा. आधी लिहिलेली गोष्ट यायची. तिच्यात प्रत्येक प्रसंगापुढे त्या लाल पेनाने लिहायच्या : मुळात आहे, लोककथेत आहे, किंवा तुमचं आहे. "तुमचं" असलं तर पुढे एकच प्रश्न, कशासाठी? उत्तर पटलं तर राहू द्यायच्या, हट्टी नव्हत्या. एकलव्यानं कुत्र्याचं तोंड बाणांनी भरलं ना, तिथे लहान मुलं घाबरतील म्हणून नंतर ते कुत्रं शेपूट हलवत पळताना दाखवा, असं त्यांनी स्वतःच सुचवलं. "हे आपलं आहे, व्यासांचं नाही," म्हणाल्या, "पण यानं कुणाचं काही बिघडत नाही." मग चित्रं जोडून कच्चा भाग तयार झाला की त्याची सीडी घरी यायची. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायच्या. "लहान मूल आधी डोळ्यानं शिकतं. शब्द गोड असतील, पण चित्र काय सांगतंय?" मग दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकायच्या. आणि तिसऱ्यांदा माझ्या नातीला, ऋतुजाला, शेजारी बसवून. तेव्हा त्या टीव्हीकडे बघायच्याच नाहीत, ऋतुजाच्या तोंडाकडे बघायच्या.

आवाज बंद केल्यामुळेच तर सापडायचं सगळं. एकलव्याला काळा, फाटका, विस्कटलेल्या केसांचा काढला होता आणि राजपुत्र सगळे दुधासारखे. मंदाताईंनी स्टुडिओत विचारलं, "अर्जुन सावळा होता, कृष्ण तर काळाच. मग रंग एकट्या एकलव्यालाच का?" चित्रं काढणारी पोरगी हसली, म्हणाली, "आंटीजी, हीरो तो गोरा ही बनता है." मंदाताई म्हणाल्या, "तू स्वतः सावळी आहेस, बेटा." पोरीनं गुपचूप रंग बदलले.

याच भागावरून सगळं बिनसलं. द्रोण एकलव्याकडे उजव्या हाताचा अंगठा मागतात. लहान मुलांना हे कसं दाखवायचं? मंदाताईंनी सुचवलं, रक्त नको, सुरा नको. झाडावरचे पक्षी एकदम उडू देत, धनुष्य गवतात पडू दे, आणि मग थेट पट्टी बांधलेला हात. पुढे एकलव्य नुसत्या बोटांनी बाण सोडू लागतो, पहिल्यासारखा झपाट्यानं नाही, पण सोडतो. "मुळातच आहे हे. व्यासांनीच धीर देऊन ठेवलाय," म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

सीडी आली. आवाज बंद. आणि मंदाताई खुर्चीतून उठल्याच. एकलव्य डावीकडे चालू लागला की पट्टी उजव्या हातावरून डाव्या हातावर! मी म्हटलं, मला तर दिसलंच नाही. "ऋतुजाला दिसेल," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दोघी जगतपुऱ्याला. तेव्हा कळलं, हे लोक माणूस एकाच बाजूनं काढतात आणि दुसऱ्या बाजूला आरशासारखा उलटा करतात. मतलब, उजवा हात आपोआप डावा होतो. एकलव्याची दुसरी बाजू वेगळी काढायला हवी होती, आणि चॅनेलला भाग द्यायची तारीख डोक्यावर. नितिनजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "माताजी, एक काम करते हैं. गुरुजी खुश होकर अंगूठा वापस दे देते हैं. आशीर्वाद से उग आया. बच्चे रोएंगे भी नहीं."

हात वाचला आणि कामही वाचलं! चित्रं काढायचा कंटाळा, आणि नाव घालायचं मुलांच्या कोवळ्या मनाचं. मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "नितिनजी, हळुवार सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं." तरी म्हणाल्या, दोन्ही शेवट मुलांसमोर ठेवू. घरी ऋतुजाला दोन्ही सांगितले. अंगठा गेल्यावर ती नुसत्या बोटांनी खोटा खोटा बाण सोडून बघत बसली. अंगठा परत आल्यावर मात्र म्हणाली, "आजी, परतच द्यायचा होता तर घेतला कशाला?" मंदाताईंनी तेच वाक्य जसंच्या तसं स्टुडिओला कळवलं.

त्यानंतर त्या आजारी पडल्या, उठल्याच नाहीत. भाग लागला तेव्हा अंथरुणातूनच बघितला. आवाज बंद करून. सोनेरी उजेड पडला, अंगठा उगवला, एकलव्य गुरूच्या पायाशी हसला... आणि शेवटच्या नावांत, "पौराणिक सल्लागार" म्हणून मंदाताईंचं नाव. त्यांनी डोळे मिटले. मला म्हणाल्या, "माझं नाव तेवढं काढायला सांग गं. माझे विद्यार्थी बघतात. त्यांना वाटेल मी असं सांगते." बाकी काही मागितलं नाही त्या बाईनं.

मी गेले जगतपुऱ्याला. भांडले. नितिनजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "आंटीजी, टेप चैनल को जा चुकी है. एक नाम के लिए वापस नहीं आती." मी म्हटलं, भैया, एका नावासाठीच माणूस आयुष्यभर जपून बोलतो. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. घरी येऊन काय सांगायचं? "काढतायत," असं बोलून गेले मी. त्यांनी मान हलवली. विश्वास बसला नव्हता, मला कळलं. आठवड्याच्या आतच गेल्या.

आणि परवा तो भाग पुन्हा लागला. ऋतुजानं हाक मारली, "आजी, मंदाआजीचं नाव!" मी धावत आले. काळा पडदा, त्यावर दिवा, आणि "यह कड़ी स्वर्गीय..." भाग त्यांनाच अर्पण केलेला! नाव काढायला टेप परत येत नव्हती. नावामागे स्वर्गीय लावायला बरी आली!

त्यांचं नाव काढा म्हणून मी पत्र टाकलंय चॅनेलला. उत्तर आलं नाही तर दुसरं टाकीन. मंदाताईंची वेताची खुर्ची त्यांच्या भाचीनं मला दिली, ती टीव्हीसमोरच ठेवली आहे. ऋतुजा आता कार्टून लागलं की आधी त्या खुर्चीत चढून आवाज बंद करते. परवाच म्हणाली, "आजी, ही राक्षसीण बघ, नुसती काळी आहे म्हणून राक्षसीण आहे." मी पदर तोंडाला लावला, हसले की रडले कोण जाणे.

तर तू जयपूरला ये. पोराला घेऊन ये, सुट्टी लागायची वाट बघू नकोस. खुर्चीत त्याला बसवू, आवाज बंद करू, आणि एकलव्याची गोष्ट मी सांगीन, अंगठा परत न येणारी. ये गं लवकर.