शनिवारचे खेळ

विमलबाई रोज रामवाडीहून एसटीने धरमतरच्या खाडीकाठी शाळेत यायच्या. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. आठवडाभर वर्गाने गृहपाठ नीट केला, भांडणं कमी केली, की शनिवारी शेवटचा अर्धा तास बक्षिसाचा. त्यात काय खेळायचं, हे बाईंनी चिठ्ठी लिहून, झेरॉक्स काढून घरोघर कळवलं होतं:

‘सागरगोटे, कॅरम, नाव-गाव-फळ-फूल. हे तीन निवडले, कारण अर्ध्या तासात संपतात, कोणी बाद होऊन बसत नाही आणि वर्गातलं प्रत्येक मूल ते खेळू शकतं. तिन्हींतला कोणता, ते मुलं हात वर करून ठरवतील. खो-खो, लंगडी खेळाच्या तासाला आहेतच. बक्षीस सगळ्या वर्गाने मिळवलेलं, म्हणून खेळही सगळ्यांचा.’

चिठ्ठीत वर्गातल्या सरूचं नाव नव्हतं. तरी गावाला कळायचं ते कळलं. मिठागरावर राबणाऱ्या सीताबाईची ही पोर, पाय अधू.

सोमवारी शाळा समितीची बैठक भरली. डोलवीच्या कंपनीत मजूर पुरवणारा महिपती चिठ्ठी घडी करून वारा घेत होता.

“बाई, एका लंगडीपायी आमच्या पोरांनी बायकांसारखे गोटे झेलायचे?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“तिचं नाव सरू आहे,” विमलबाई म्हणाल्या. “आणि बक्षीस तिनंही मिळवलंय. आठवडाभर तिची वही सगळ्यांत नीट होती.”

“मग गुण लिवाया बसवा तिला! तिला पन काम, आमाला पन खो-खो.” महिपतीने माना डोलवणाऱ्यांकडे पाहिलं. “कसं सीताबाय?”

दाराशी उभ्या सीताबाईने पदर तोंडाशी धरला. “बसंल गो बाई ती. सवय हाय तिला.”

हे ऐकून बाईंना महिपतीपेक्षाही जास्त शिसारी आली ती त्या डोलणाऱ्या मानांची. आईच्या तोंडून हे वदवून घेतलं, आणि वर समजूतदारपणा म्हणून चहा ढवळतायत! मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “बाई, चिठ्ठी बदलून टाका, वाद नको.”

“चिठ्ठीतलं कारण खोटं असेल तर बदलते. सांगा, कोणतं खोटं आहे?”

समोरचा चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

चिठ्ठी बदलली नाही. महिपतीने शनिवारी आपल्या मुलाला घरी ठेवलं, आणखी दोघांनी त्याचीच री ओढली. वर्गात मुलांनी सागरगोट्यांना हात वर केले. सरू भिंतीला टेकून बसली आणि तिने पहिल्याच डावात पाचही गोटे उलट्या पंजावर झेलले. मुलं ओरडली. सरू खुदकन हसली.

बाई हसल्या नाहीत. रिकाम्या तीन जागांकडे पाहताना त्यांना बैठकीतल्या त्या डोलणाऱ्या माना आठवल्या. पुढच्या महिन्यात महिपतीने पोराला पेणच्या इंग्रजी शाळेत घातलं, आणि बाईंनी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला एका शब्दाविना पुढे सरकवला.