तेजाबाचा धूर आणि बाबांचा दम

माझे बाबा अकोल्यात जुनी चांदी गाळून शुद्ध करायचे. जठारपेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि घरात तेजाबाचा वास भाजीच्या फोडणीइतकाच नेहमीचा. धुरांचं त्यांचं एक स्वतःचं शास्त्र होतं: जो धूर झोंबतो तो वाईट, जो झोंबत नाही तो आपला. आज मी अमरावतीत छातीची डॉक्टर आहे, तरी त्या शास्त्राची आठवण आली की हसू येतं आणि लगेच रागही येतो.

त्या शास्त्राला पुरावा आईनं पुरवला. तिला दमा. बाबांनी गंधकाच्या तेजाबात चांदी टाकून ते उकळायला ठेवलं, की सल्फर डायऑक्साइड निघे. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाकाच्या आणि घशाच्या ओलाव्यातच बराचसा अडकतो आणि तिथंच डंख मारतो. आमचे डोळे पाणावत, शिंका येत, एवढंच. आईची छाती मात्र दोन-तीन मिनिटांत शिट्ट्या वाजवू लागे, कारण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या त्या वायूनं लगेच आवळतात. अंगणात बसवून पंप दिला, की तासाभरात ती पुन्हा पोळ्या लाटायला लागे. "पाह्य, धूर लागला तसा उतरला," असं बाबा म्हणायचे.

दुसरा पुरावा मी. कॉलेजात असताना मे महिन्यात दुपारी चारला मैदानावर धावायचा मला भारी सोस. दमा नव्हता, पण काही दिवस खोल श्वास घेतला की छातीच्या मधोमध दुखे, खोकला येई आणि श्वास पुरता भरायच्या आधीच अडे. तो ओझोन होता, हे पुढं कळलं. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून आतपर्यंत जातो, तिथल्या नसांना डिवचतो आणि शरीर आपणच श्वास आखडता घेतं. नळ्यांना आतून सूजही येते. बाबांनी निदान केलं, "ऊन लागलं तुले," आणि पन्हं दिलं. दोन दिवसांत मी बरी झाले, श्रेय पन्ह्याला गेलं.

मग तो रविवार. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर, सुटीला घरी आलेली. सकाळी दहाला बाबांनी शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, चांदी टाकली आणि धूर ओढणारा पंखा बंद पडला. विटकरी धूर खोलीत भरला, तरी टाकलेली चांदी वाया जाऊ नये म्हणून ते दहा मिनिटं आतच थांबले. बाहेर आले, थोडं खोकले, गुळाचा खडा तोंडात टाकला. आमच्या गल्लीतले सगळे कारागीर धुरावर गूळच खातात. मी छाती तपासली, स्वच्छ. ऑक्सिजनही ठीक. ते जेवायला बसले.

मी मात्र घड्याळ पाहत होते. विटकरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो नाकात फारसा अडत नाही, झोंबतोही कमी, थेट बारीक नळ्यांत आणि हवेच्या पिशव्यांत उतरतो. तिथं त्याचं सावकाश आम्ल होतं आणि कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरू लागतं. माणूस तोवर ठणठणीत दिसतो.

"बाबा, दवाखान्यात चला."

"काहून? झोंबलं तर नाई मले."

"म्हणूनच चला."

"डॉक्टर होऊन येडी झाली पोरगी."

सगळं समजावून पाहिलं. शेवटी मला रडू फुटलं. "मले भेव लागून रायलं, बाबा."

त्यांनी हात धुतला, सदरा घातला. "तुया समाधानासाठी चालतो," म्हणाले.

संध्याकाळी सहाला दवाखान्याच्या खाटेवर त्यांना धाप लागली. ओठ निळसर, छातीत दोन्हीकडे बुडबुडे. घरी असते तर त्यांनी आणखी एक गुळाचा खडा खाल्ला असता. ऑक्सिजन आणि औषधं लगेच मिळाली, आठवड्यानं ते घरी आले.

पण या वायूचा डाव तिथं संपत नाही. दोन ते सहा आठवड्यांत बारीक नळ्या पुन्हा सुजून बंद पडू शकतात. म्हणून मी ठरवलं, रोज पाचला फोन, आणि बाबांनी एका दमात जमतील तेवढे आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा झाले. आकडा चढत गेला, सहा आठवडे उलटले. मी म्हटलं, आता पुरे.

"तुले भेव लागते ना," म्हणाले आणि मोजत राहिले. पुढची कितीतरी वर्षं फोन उचलला की 'हॅलो' नाहीच, सरळ "एक, दोन, तीन".

मागच्या हिवाळ्यात ते झोपेत गेले, हृदय बंद पडून. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका दमात एकतीसपर्यंत मोजलं होतं.