पाच परतीच्या फेऱ्या

घड्याळकाका आमच्या ऑफिसचा माल स्वतःच्या टेम्पोतून न्यायचे. जाताना औषधांची खोकी, येताना तिकडून परतीचा माल, ठरलेला रस्ता, महिन्यात आठ फेऱ्या. नऊ म्हणजे नऊला गेटवर हजर, म्हणून हे नाव. माणूस अबोल. चहा विचारला तर "झाला" म्हणायचे, आणि तो कधीच झालेला नसायचा.

वाटेत तीन टोलनाके होते. एकशे पंच्याऐंशी, दोनशे चाळीस, एकशे पासष्ट. म्हणजे एका बाजूचे पाचशे नव्वद, जाऊन-येऊन अकराशे ऐंशी. पैसे त्यांच्या फास्टॅगमधून कापले जायचे आणि ऑफिस ते भरून द्यायचं. महिनाअखेरीला काका स्टेटमेंटचे स्क्रीनशॉट मला पाठवायचे. बोटाने सरकवत काढलेले, त्यामुळे एका चित्राच्या तळाच्या ओळी पुढच्या चित्राच्या माथ्यावर पुन्हा यायच्या. त्या दोनदा धरल्या जाऊ नयेत म्हणून मी नियम केला होता: तारीख, नाका आणि रक्कम सारखी दिसली की दुसरी ओळ काढून टाकायची. या नियमाचा मला कोण अभिमान होता.

त्या महिन्यात काकांनी नऊ हजार चारशे चाळीस मागितले. माझी बेरीज आली सहा हजार चारशे नव्वद.

"काका, पाच फेऱ्यांचं येणं सापडत नाहीये," मी म्हणाले.

"आलो होतो ताई. एरवीसारखा मुक्काम न करता त्याच दिवशी परत आलो. हिला बरं नाही, रात्री एकटी नको म्हणून."

"असेल. पण कागदावर नाही ते मी कसं देऊ? पुढच्या महिन्यापासून जाणं-येणं वेगवेगळं दिसू दे."

शेजारच्या टेबलावरचे दोघं ऐकत होते. काकांनी मान हलवली आणि गेले. त्यांची बायको पुढच्याच महिन्यात वारली. काकांनी टेम्पो विकला आणि ऑफिसला येणं सोडलं. आम्ही सगळे भेटून आलो, मीही हात जोडले.

वर्षाअखेरीला मालकांनी नवीन करारासाठी दर महिन्याचा एकूण टोल आणि एका फेरीचा खर्च मागितला. सगळ्या महिन्यांत एक फेरी अकराशे ऐंशीला पडत होती. फक्त त्या एका महिन्यात आठशे अकरा. नाकेवाले काही माझे मामा लागत नव्हते सवलत द्यायला. मी जुने स्क्रीनशॉट उघडले.

प्रत्येक ओळीखाली बारीक करड्या अक्षरांत वेळ होती आणि टॅगमधली शिल्लक होती. एकाच तारखेला, एकाच नाक्यावर, एकशे पंच्याऐंशी: सकाळी साडेनऊ आणि रात्री साडेनऊ. शिल्लकही वेगळी. खरोखर पुन्हा आलेल्या ओळीत शिल्लक बदलत नाही. महिन्याच्या सुरुवातीला साडेबाराशे होते, तीन हजारांचे तीन रिचार्ज झाले, शेवटी आठशे दहा उरले. म्हणजे गेले नऊ हजार चारशे चाळीस. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

मग मी पुढचा महिना उघडला. तिथे माझ्या नियमाला काढायला काही नव्हतं. प्रत्येक फेरीचं येणं दुसऱ्या दिवशीचं, सकाळी अकराच्या पुढे. काका तिकडेच मुक्काम करत होते. मी म्हटलं होतं तसं जाणं-येणं वेगवेगळं दिसत होतं. फक्त अठरा तारखेचं येणं लवकरचं होतं, पहाटे पाच ते सकाळी साडेसात. सतरा तारखेच्या रात्री त्यांची बायको गेली होती, एकटी.

मला खुर्चीत बसवेना. माझ्यासारखी नालायक बाई शोधून सापडली नसती.

मालकांकडून दोन हजार नऊशे पन्नास घेऊन मी काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. खिडकीशी एकच खुर्ची, ती त्यांनी मला दिली. मी कागद दाखवला, वेळा दाखवल्या, माझी चूक सांगितली. ते शांतपणे एकेक ओळ वाचत होते.

"काका, तेव्हा भांडायचं होतं माझ्याशी. फोन उघडून दाखवायचा होता."

"तुम्ही हिशोबातल्या. मला वाटलं, मशीनमध्येच उमटलं नसेल. मुक्काम केला की उमटतं असं दिसलं, मग मुक्काम करायला लागलो."

मी रडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि पैसे मोजले. त्यातले पाचशे नव्वद वेगळे काढून माझ्या हातावर ठेवले.

"हे कशाचे?"

"पुढच्या महिन्यात तुम्ही अठरा तारखेच्या परतीचे पैसेही भरून दिले होते. त्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. परतीचा माल न भरताच आलो मी. ती फेरी ऑफिसची नव्हती ताई."